सामाजिक संस्थेतली नोकरी : नियुक्तिपत्रात काय पाहावे?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस.डब्ल्यू. झाली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील दोन संस्थांनी तिला बोलावले आहे. एक दरमहा 26,000 रुपये मानधन देते, दुसरी 24,000 रुपये पगार. शैक्षणिक कर्जाचा हप्ता 8,000 आहे. तिला हेच काम करायचे आहे. मला तिच्या भविष्याची काळजी वाटते. काय करावे? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे. मात्र दोन हजारांच्या फरकापेक्षा ते पद संस्थेचे आहे की एखाद्या प्रकल्पाचे, हे आधी पाहावे लागेल. कंपन्या सामाजिक कामांसाठी देतात त्या सीएसआर निधीवर चालणाऱ्या बहुवर्षीय प्रकल्पाला, तो सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून, जास्तीत जास्त 3 वर्षांची मुदत असते. मुलगी अशा प्रकल्पात मध्येच रुजू झाली, तर तिच्या वाट्याला कदाचित वर्ष-सव्वा वर्षच उरेल आणि काम उत्तम होऊनही करार संपेल. म्हणून प्रकल्पाची अखेरची तारीख लेखी मागावी. मागील प्रकल्प संपल्यावर किती जणांना दुसऱ्या कामात सामावून घेतले, हेही विचारावे. माझ्या मते संस्थेची खरी पारख याच उत्तरात होते. वार्षिक अहवालातील हिशेबात बहुतेक निधी एकाच देणगीदाराचा दिसला, तर जोखीम मोठी समजावी.

मानधनावरील नेमणूक बहुधा सल्लागाराच्या करारावर असते. त्यातून 10 टक्के करकपात झाली, तर हाती 23,400 रुपये येतात. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण भविष्य निर्वाह निधी मिळत नाही. दुसऱ्या संस्थेत मूळ वेतन 15,000 धरल्यास 12 टक्क्यांप्रमाणे 1,800 रुपये कापले जाऊन हाती 22,200 येतील आणि तितकीच रक्कम संस्था भरेल. हा संस्थेचा वाटा 24,000 मध्येच धरलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण तसे असल्यास हाती आणखी कमी पडेल. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला हा निधी लागू होतो. या दोन्ही गोष्टी स्पष्ट असतील, तर मी दुसरी नोकरी निवडण्यास सांगेन.

बँकेतील नोकरीइतकी वेतनवाढ येथे सहसा मिळत नाही, हे तिनेही मान्य करून निघावे. हप्ता आणि तेथील साधारण 10,000 रुपयांचा खर्च वजा जाता तिच्याकडे महिन्याला 4,200 रुपये उरतील. दोन प्रकल्पांमधील रिकाम्या काळासाठी सहा महिन्यांच्या खर्चाची, म्हणजे 1,08,000 रुपयांची गंगाजळी हवी. ती जमायला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. तेवढ्या काळात घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा आपण तिच्याकडून ठेवू नये, आणि शक्य असल्यास तिची नोकरी सुटलेल्या महिन्यांत हप्ता आपण भराल असे तिला आताच सांगावे.