पोतं हातात आलं कसं?

"मुलगी एलएलबीला आहे. मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांवरच्या चाचणीत 20 पैकी 7 पडले. पहाटे चारला उठवून मी स्वतः कलमं पाठ करून घेतो, तरी चोरी, जबरी चोरी, खंडणी आणि न्यासभंग यांत गोंधळते. तिला न्यायाधीशच करायचंय. काय करावं?"
– एक वडील, लातूर

आधी ते पहाटेचं पाठांतर बंद करा. सात गुणांपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. धाकानं घोकलेली व्याख्या उदाहरण बदललं की निसटते, आणि पेपरात येतात ती उदाहरणंच.

तुमच्या मोंढ्यातलं सोयाबीनचं एक पोतं घ्या. कोणी ते आडतीवरून गुपचूप उचललं तर ती चोरी. लबाडीच्या इराद्यानं जागचं हलवलं की गुन्हा पुरा झाला, गेटबाहेर नेण्याची गरज नाही. पळवताना राखणदार आडवा आला, त्याला काठी मारून पोतं नेलं, तर जबरी चोरी. पण पोतं तिथंच टाकलं आणि केवळ निसटण्यासाठी काठी मारली, तर चोरी वेगळी, दुखापत वेगळी. मारहाण माल मिळवायला किंवा न्यायला झाली का, हे मुलं बघत नाहीत आणि इथंच गुण जातात.

"शुक्रवारपर्यंत पन्नास हजार पाठव, नाहीतर गोदाम पेटेल" या धमकीला भिऊन व्यापाऱ्यानं पैसे पाठवले तर खंडणी, कारण भीतीपोटी का होईना, दिले त्यानंच. तीच मागणी समोर उभं राहून, गळ्याला सुरा लावून केली आणि त्यानं तिथल्या तिथं पैसे काढून दिले, तर ती जबरी चोरी होते.

न्यासभंगाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. माल दिला आणि पैसे बुडाले की न्यासभंग, असं सर्रास लिहिलं जातं. शेतकऱ्यानं पोतं आडत्याकडं विकून द्यायला ठेवलं, त्यानं विकून रक्कम लबाडीनं स्वतःकडं वळवली, तर न्यासभंग: माल रीतसर हाती आला होता, लबाडी नंतर शिरली. पण तेच पोतं व्यापाऱ्याला उधारीवर विकलं, तर विक्री होताच माल त्याचा झाला. सोपवलेलं काही उरलं नाही, उरली ती थकबाकी, आणि तिच्यासाठी दिवाणी दावा. दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांच्या दाण्याचे पैसे थकले होते. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये नेमकं हेच सांगितलं. खरेदीच्या वेळीच फसवायचा बेत होता असं दिसलं, तर फसवणुकीचा विचार होईल, न्यासभंगाचा नाही.

म्हणून तिनं कलम आठवण्याआधी विचारावं: वस्तू आरोपीकडं आली कशी? संमतीशिवाय, भीतीनं, की विश्वासानं? मग भारतीय न्याय संहितेची कलमं लावावीत: चोरी 303, खंडणी 308, जबरी चोरी 309, न्यासभंग 316. जुन्या भारतीय दंड संहितेची 378, 383, 390, 405 ही त्याच क्रमानं चोरी, खंडणी, जबरी चोरी, न्यासभंग यांच्या शेजारी लिहून ठेवावीत, कारण जुन्या निकालांत तीच भेटतील.

न्यायाधीश परीक्षेची घाई तर मुळीच नको. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यासाठी तीन वर्षांची वकिली लागते. आणि न्यायाधीश व्हायचंय हे तिचं म्हणणं आहे का? पत्रात तिचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.