अंडकोशाची जुनी सूज: रक्त निर्दोष, तरी हत्तीरोगच?

प्रश्न: बाबा ५२ वर्षांचे, ब्रह्मपुरीकडे धानाची शेती. आठ वर्षांपासून उजव्या बाजूचा अंडकोश वाढत गेला, आता नारळाएवढा आहे, चालताना ओढतो. दरवर्षी वाटपाच्या गोळ्या घेतल्या, तरी कमी होत नाही. रात्रीच्या रक्ततपासणीत काहीच निघालं नाही. गावातले एकजण म्हणतात, सुईने पाणी काढून घ्या. काय करावं?

उत्तर: सुई लावू नका. शासकीय रुग्णालयाच्या सर्जनला दाखवून ऑपरेशनची तारीख घ्या. गोळ्यांनी ही सूज का उतरत नाही आणि रक्त निर्दोष कसं येतं, ते एकदा कळलं की पुढचं सोपं जातं.

क्युलेक्स डासाने सोडलेले जंतू वाढून धाग्यासारखे किडे होतात आणि पुरुषांत बऱ्याचदा अंडकोशाच्या दोरीतल्या लसिकावाहिन्यांत घर करतात. किडे जिवंत असतानाच त्या वाहिन्या सैल होऊन फुगतात, आतल्या झडपा निकामी होतात. अंडाभोवतीच्या पिशवीत झिरपणारं पाणी उचलून न्यायचं काम मग नीट होत नाही. किडा साधारण पाच-सात वर्षांनी मरतो, पण ताणून सैल झालेली नळी पूर्ववत होत नाही. वाटपातली डीईसीची गोळी रक्तातली पिल्लं आणि काही किडे मारते. पाझर थांबवत नाही. पिल्लं रात्रीच रक्तात येतात आणि जुन्या सुजेत ती बहुधा नसतातच, म्हणून रिपोर्ट कोरा आला. ‘रक्त निर्दोष, म्हणजे हत्तीरोग नाही’ असा अर्थ काढू नका. वाटपाच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, त्या पुढचा प्रसार थांबवण्यासाठी आहेत.

हे पाणीच, म्हणजे हायड्रोसीलच आहे का, हे आधी ठरवावं लागतं. अंधाऱ्या खोलीत सुजेच्या मागून टॉर्च टेकवा. पाणी असेल तर पूर्ण गोळा लालसर उजळतो. मात्र जुन्या पिशवीची भिंत जाड झालेली असेल किंवा आत दुधासारखा लसिकाद्रव साचला असेल, तर उजेड जात नाही. दुसरं, उभं राहून सुजेच्या वरच्या टोकाला चिमूट लावा. बोटांत फक्त दोरीच आली, तर सूज अंडकोशातली आहे. सूज वर जांघेत शिरत असेल, खोकल्यावर धक्का बसत असेल, झोपल्यावर कमी होत असेल, तर हर्निया समजा. या घरच्या खुणा फक्त अंदाजापुरत्या. अंड नीट हाताला लागत नसेल तर सोनोग्राफी हवीच, कारण पाण्याआड अंडाची गाठही लपते. जिवंत किडे असले तर सोनोग्राफीत ते वळवळताना दिसतात.

सुईने पाणी काढलं तरी काही आठवड्यांत-महिन्यांत ते बहुधा पुन्हा भरतं, कारण पाझर तसाच असतो. शिवाय प्रत्येक वेळी आत जंतू जायची किंवा रक्त साचायची भीती. अशा वारंवार टोचलेल्या पिशवीचं ऑपरेशन अवघड होतं.

ऑपरेशनला जाताना सर्जनला एवढं जरूर विचारा: पिशवी कापून काढणार की फक्त उलटी करणार? हत्तीरोगाच्या भागात पिशवी काढणं पसंत केलं जातं. नुसती उलटी केल्यास पाणी परत साचण्याचा धोका जास्त राहतो. साखर आणि बीपी आधी तपासून घ्या. ऑपरेशनआधी आठवडाभर अंडकोश आणि जांघ रोज साबणाने धुऊन घडीत पाणी राहू देऊ नका; ओल्या घडीत बुरशी होते आणि टाके पिकतात. ऑपरेशननंतर घट्ट लंगोट लावा. महिनाभर धानाचं पोतं उचलायचं नाही, सायकलही नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी सूज राहणार, पण ती झपाट्याने वाढत असेल, कडक होत असेल किंवा ताप येत असेल, तर लगेच परत जा. आत रक्त साचलं किंवा पू झाला असेल.

एक वेगळी गोष्ट कातडी बघून कळते. अंडकोशाची कातडी जाड, खडबडीत झाली असेल आणि तिच्यावर बारीक फोड येऊन त्यातून पाणी किंवा दुधासारखा स्राव पाझरत असेल, तर ते लसिका-अंडकोशाचं लक्षण. तिथे पिशवी काढून भागत नाही. साध्या हायड्रोसीलसारखं ऑपरेशन केलं तर पाझर वाढूही शकतो. असं दिसलं तर आधी स्वच्छता आणि आधार, आणि पुनर्रचना करणाऱ्या सर्जनचं मत.

थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, कातडी लाल आणि तापलेली, असा झटका आला तर डीईसीचा डोस घेऊ नका. तो बहुतेक वेळा कातडीच्या भेगेतून शिरलेल्या जंतूंचा असतो. त्याला डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक, विश्रांती आणि गार पाण्याची पट्टी लागते. ऑपरेशन झटका पूर्ण ओसरल्यावरच.