ब्लॅक कॉफीने उपवास मोडतो का?

प्रश्न: मी दोन महिन्यांपासून १६:८ करतोय, रात्री ८ ते दुपारी १२ काही खात नाही. सकाळी बिनसाखरेची ब्लॅक कॉफी घेतो. एक मित्र म्हणाला, कॉफीने इन्सुलिन वाढतं आणि फास्ट मोडतो. खरं आहे का? कॉफी घेतल्यावर भूक लागत नाही, ते चांगलं की वाईट?

उत्तर:

वजन आणि साखर यांसाठी तुम्ही हे करत असाल, तर नुसत्या ब्लॅक कॉफीने उपवास मोडत नाही. पण तुमच्या मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, फक्त ते त्याने चुकीच्या जागी लावलंय. कॉफीचा खरा परिणाम उपवासाच्या तासांत फारसा दिसत नाही, तो दिसतो उपवास सोडताना, पहिल्या जेवणावर. मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी समोर येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कपात काय आहे ते पाहू. एक चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम इन्स्टंट कॉफी पाण्यात घातली तर चार-पाच कॅलरी होतात. त्यात साखर, प्रथिनं, चरबी नावापुरतीच. जेवल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते मुख्यतः रक्तात ग्लुकोज चढलं म्हणून, आणि काही प्रमाणात प्रथिनांमुळे. या कपात दोन्ही नाहीत, त्यामुळे इन्सुलिन उसळायला कारणच नसतं. आपल्याकडे इन्सुलिन हा शब्द घराघरांत पोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या मोहिमेमुळे. तेव्हापासून ‘तोंडात काही गेलं की इन्सुलिन आलं’ असा एक समजही पक्का होऊन बसलाय. काय गेलं आणि किती गेलं यावर ते अवलंबून असतं.

दूध घातलं की मात्र गणित बदलतं. आपल्या घरची नेहमीची कॉफी म्हणजे अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर. शंभर मिली दुधात जवळपास पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, वर साखरेचे आठ-दहा ग्रॅम. शिवाय दुधातली साखर कमी असली तरी दूध इन्सुलिन बरंच वाढवतं, त्यातल्या प्रथिनांमुळे. एकादशीला ही कॉफी चालते, कारण तो उपवास वेगळ्या नियमांचा आहे. १६:८ मध्ये ती जेवणाच्या वेळेतच घ्यावी. रंग बदलण्यापुरता चमचाभर दुधाचा थेंब टाकलात तर आकाश कोसळत नाही, पण चमच्याचे दोन आणि दोनाचे चार व्हायला आठवडा लागत नाही, हे मी खूप वेळा पाहिलंय. तूप घातलेली कॉफी हा आणखी निराळा प्रकार. इन्सुलिन तिने फारसं हलत नाही, पण एका मोठ्या चमच्या तुपात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. वजनासाठी उपवास करणाऱ्याने त्या का प्याव्यात, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. गूळ म्हणजे साखरच.

आता मित्राच्या मुद्द्यातलं तथ्य. कॅफिन शरीरात ॲडेनोसिन नावाच्या रेणूची जागा अडवून बसतं आणि ॲड्रेनलिन थोडं वाढवतं. ॲड्रेनलिन वाढलं की चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड रक्तात येतात, आणि स्नायू ग्लुकोज आत घ्यायला तेवढे उत्सुक राहत नाहीत. म्हणजे इन्सुलिन वाढलं असं नाही, तर आहे त्या इन्सुलिनचं म्हणणं पेशींना काही तास जरा कमी ऐकू येतं. पोट रिकामं असताना याचं फार काही वाटत नाही. साखर पाच-सात अंकांनी वर दिसेल किंवा दिसणारही नाही. पण याच अवस्थेत ताट समोर आलं, तर तेच जेवण साखर जास्त चढवतं.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०२० मध्ये हे नेमकं तपासलं. २९ निरोगी माणसांना रात्री झोपमोड करून सकाळी साखरेचं पेय दिलं. नुसत्या झोपमोडीने त्यांच्या साखरेत विशेष फरक पडला नाही. पण पेयाच्या अर्धा तास आधी कडक ब्लॅक कॉफी दिली, तेव्हा साखरेची चढण जवळपास ५० टक्क्यांनी वाढली. ती कॉफी चांगलीच कडक होती, त्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅफिन होतं. आपल्या एका चमच्याच्या इन्स्टंट कपात साठच्या आसपास असतं. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका, दिशा मात्र लक्षात ठेवा.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं सांगते. वय ४६, बँकेत नोकरी, एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपवास तुमच्यासारखाच, रात्री ८ ते दुपारी १२. सकाळी सातला एक ब्लॅक कॉफी, आणि साडेअकराला भूक असह्य झाली की दोन चमच्यांची कडक दुसरी. बाराला डबा. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली, १०० च्या आत-बाहेर, पण जेवणानंतर एका तासाची १८० च्या घरात. त्या घाबरून गेल्या आणि उपवासच बंद करायला निघाल्या होत्या. मी त्यांना सहा दिवस डबा एकच ठेवायला सांगितला: दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, काकडी. तीन दिवस साडेअकराची कॉफी घ्यायची, तीन दिवस नाही. घासही साधारण त्याच वेगाने खायचे. कॉफीच्या दिवसांचे एका तासाचे आकडे आले १७८, १८६, १७१. बिनकॉफीचे १५८, १४९, १६३.

सहा दिवसांवरून मी कुणाला नियम सांगणार नाही. घरचं ग्लुकोमीटर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे एका दिवसाचा पाच-दहा अंकांचा फरक वाचायचाच नसतो. पण तिन्ही आकडे एका बाजूला आणि तिन्ही दुसऱ्या बाजूला पडले, तेव्हा दुसरी कॉफी साडेआठला सरकवायला तेवढं पुरेसं होतं. त्यांनी उपवास सोडला नाही, कॉफीही सोडली नाही. तुमच्याकडे मीटर असेल तर हे असंच करून बघा. कॉफीआधी, कॉफीनंतर तासाने, आणि जेवणानंतर तासाने. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मग टोचा. फळ कापलेल्या बोटाने साखर खोटी वाढलेली दिसते.

साडेआठच का? कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे बारापर्यंत ते पूर्ण जाणार नाही, पण सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो. रोज पिणाऱ्यांमध्ये हा परिणाम थोडा बोथटही होतो. आणि एवढं वाचून कॉफीची भीती बाळगू नका. वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमीच आढळतो, कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांमध्येसुद्धा. तात्पुरता परिणाम आणि दीर्घकाळाचा परिणाम इथे उलट दिशांना जातात.

आता भूक. भूक सतत चढत जात नाही, ती लाटांसारखी येते. ज्या वेळेला रोज खायची सवय, त्या वेळेला घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि खाल्लं नाही तरी तासाभरात उतरतं. तुमचा नाष्टा पूर्वी नऊला असेल तर नऊची लाट कॉफीच्या घोटांवर निघून जाते. यात सगळं श्रेय कॅफिनचं नाही. २०१२ च्या एका छोट्या प्रयोगात अकरा पुरुषांना कॉफी, कॅफिन काढलेली कॉफी आणि पाण्यात विरघळवलेलं नुसतं कॅफिन देऊन पाहिलं होतं. भूक सर्वांत कमी झाली ती कॅफिन काढलेल्या कॉफीने, नुसत्या कॅफिनने झालीच नाही. प्रयोग लहान आहे, पण मला तो उपयोगी वाटतो. कारण कॅफिनने छाती धडधडणाऱ्यांना कॅफिन काढलेल्या कॉफीचा पर्याय देता येतो.

चांगलं की वाईट, हे संध्याकाळी कळतं. दुपारी शांतपणे जेवलात आणि रात्री आठला नेहमीएवढंच खाल्लंत, तर कॉफीने तुम्हाला मदतच केली. पण सहा वाजता फरसाणाचा डबा उघडल्यावर थांबताच येत नसेल, तर सकाळची भूक गेलेली नाही, पुढे ढकलली गेलीय. तेव्हा कॉफी वाढवू नका, बाराच्या ताटात डाळ, उसळ, पनीर किंवा अंडी वाढवा. उपवासात तिसरा कप लागतोय म्हणजे तुमचं खाणं कमी पडतंय, असं मी धरते.

हात थरथरणं, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं हे कॉफीनंतर पाऊणएक तासात सुरू झालं तर बहुतेकदा ते कॅफिन असतं. मात्र तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर अंदाज बांधत बसू नका, लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच संपला, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा औषधांवर असताना १६ तासांचा उपवास डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय करूच नये. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांना उपाशीपोटी कडक कॉफी सोसत नाही. घशाशी आंबट येत असेल तर अर्ध्या चमच्यावर या, किंवा कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्या.

आणखी दोन ठिकाणी मात्र ब्लॅक कॉफीही चालत नाही. सकाळी थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती पाण्यासोबत घ्या आणि कॉफी किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबून घ्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि लॅबमध्ये उपाशीपोटीची साखर किंवा फास्टिंग इन्सुलिन द्यायला जाल त्या सकाळी फक्त पाणी. तिथे कॉफी प्यायल्याचं सांगायला लोक विसरतात, मग आलेला आकडा उपवासाचा की कॅफिनचा हे मला रिपोर्ट हातात घेऊनही सांगता येत नाही.