अक्षरांचं माप, ओळींची हवा आणि पडद्याचा रंग : कोड लिहिणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : 24 इंची फुल एचडी मॉनिटर आहे, दिवसाचे नऊ-दहा तास व्हीएस कोड उघडा असतो. दुपारी तीननंतर डोळे चुरचुरतात, अक्षरं पुसट वाटतात. पाच-सहा फॉन्ट बदलून पाहिले. नेमका कोणता घ्यावा? (हिंजवडी, पुणे)

फॉन्ट बदलताना तुम्ही त्याचं मापही बदललंत का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून धरून चालतो की ते विंडोजवर आपोआप मिळणाऱ्या 14 वरच राहिलं. दुखणं बहुधा तिथेच आहे.

अक्षर डोळ्याला किती मोठं दिसतं, ते त्याची पडद्यावरची उंची आणि तुमचं अंतर या दोन गोष्टींवर ठरतं. पडद्यांसाठीच्या आयएसओ 9241 या मानकांत कॅपिटल अक्षराची उंची डोळ्याशी 20 ते 22 कलामिनिटांचा कोन करील इतकी असावी असं सांगितलं आहे, आणि 16 ही खालची मर्यादा आहे. कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. व्यवहारात त्याचं गणित सोपं होतं. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला 170 ने भागा. उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचं कॅपिटल H हवं. 60 सेंटिमीटरवरून बसत असाल, तर साडेतीन मिलिमीटर.

आता तुमचा मॉनिटर. 24 इंची फुल एचडीचा एक पिक्सेल सुमारे 0.277 मिलिमीटरचा असतो. जेटब्रेन्स मोनोमध्ये कॅपिटलची उंची फॉन्टच्या मापाच्या 73 टक्के असते. म्हणजे 14 वर ती जेमतेम 10 पिक्सेल, अवघी 2.8 मिलिमीटर. 60 सेंटिमीटरवरून हे 16 कलामिनिटांच्या आसपास येतं. मर्यादेच्या अगदी काठावरचं अक्षर तुम्ही दिवसभर वाचताय, त्यामुळे नकळत मान पुढे जाते आणि डोळ्यांना जवळचं पाहण्याचा ताण पडतो. तेच माप 18 केलं की उंची 3.6 मिलिमीटरवर जाते आणि प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

तीन-साडेतीन मिलिमीटर पट्टीने मोजणं कटकटीचं आहे, म्हणून 80 अक्षरांची एक ओळ टाइप करून तिची लांबी मोजा. 60 सेंटिमीटर अंतराला जेटब्रेन्स मोनोमध्ये ती साधारण 23 सेंटिमीटर भरली पाहिजे. ही युक्ती लॅपटॉपवरही चालते, स्केलिंग 125 टक्के आहे की 150 याची चिंता करावी लागत नाही. 14 इंची लॅपटॉप 50 सेंटिमीटरवर असेल तर ओळ 19 सेंटिमीटरच्या आसपास हवी.

माप बसलं की मग फॉन्टची निवड. एका ओळीत हे टाइप करून पाहा:

```
0O 1lI| rn m ,. ;: {} () []
```

शून्य आणि O, एक आणि लहान l, स्वल्पविराम आणि पूर्णविराम हात-दीड हात अंतरावरून झटकन वेगळे ओळखू आले पाहिजेत. कन्सोलास, जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो, आयबीएम प्लेक्स मोनो हे सगळे या चाचणीत उतरतात. त्यांतला कोणता घ्यायचा हा आवडीचा भाग आहे. माझं मत विचाराल तर फुल एचडी पडद्यावर, विंडोज असेल तर, कन्सोलास अजूनही फार सुबक दिसतो, कारण तो मुळात अशा पडद्यांवरच्या क्लिअरटाइपसाठीच घडवला गेला. जेटब्रेन्स मोनोची लहान लिपीतली अक्षरं उंच आहेत, त्यामुळे त्याच मापात तो मोठा वाटतो. एक पथ्य मात्र पाळा : 300 वजनाचे, म्हणजे 'लाइट' प्रकार फुल एचडीवर वापरू नका. रेघ एका पिक्सेलपेक्षा बारीक झाली की ती करडी होते, आणि तुम्ही म्हणता ती 'पुसट' अक्षरं तशीही तयार होतात.

प्रश्न : ओळींमधलं अंतर किती ठेवावं? आमच्या प्रकल्पात मराठी संदेश थेट कोडमध्ये आहेत. वरच्या मात्रा आणि खालचे उकार शेजारच्या ओळीत घुसतात. (नाशिक)

व्हीएस कोडमध्ये `editor.lineHeight` ची किंमत 0 असते तेव्हा अंतर तो स्वतः ठरवतो : विंडोज आणि लिनक्सवर मापाच्या 1.35 पट, मॅकवर 1.5 पट. तुम्ही 8 पेक्षा लहान आकडा दिला तर तो पट समजला जातो, 8 किंवा त्याहून मोठा दिला तर पिक्सेल. हे माहीत नसल्यामुळे 18 मापाच्या फॉन्टला 20 देऊन ओळी एकमेकींवर चढवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

निव्वळ इंग्रजी कोडसाठी 1.4 ते 1.5 पुरतं. ओळ संपल्यावर नजर डावीकडे परतताना चुकून त्याच ओळीवर किंवा एक ओळ सोडून पडत असेल, तर अंतर कमी आहे. उलट एक फंक्शन पडद्यावर मावेनासं झालं आणि सतत वरखाली स्क्रोल करावं लागलं, तर जास्त झालं. 18 मापाला 1.35 वर 950 पिक्सेलच्या खिडकीत 39 ओळी दिसतात, 1.5 वर 35. चार ओळींचा हा सौदा मला परवडतो.

देवनागरीचं गणित वेगळं आहे. 'र्कीं', 'द्धृ', 'ट्टू' अशी अक्षरं शिरोरेषेच्या वरही जातात आणि खालीही लोंबतात. एडिटरची ओळ मात्र ठरलेल्या उंचीची असते, अक्षर उंच आहे म्हणून ती फुगत नाही. त्यातच तुमच्या कोड-फॉन्टमध्ये देवनागरी नसते, मग सिस्टीम तिच्या मर्जीने दुसरा फॉन्ट आणते. ती मर्जी आपल्या हातात घ्या, आणि अंतर 1.6 वर न्या :

```json
"editor.fontFamily": "'JetBrains Mono', 'Noto Sans Devanagari', monospace",
"editor.fontSize": 18,
"editor.lineHeight": 1.6
```

नोटो सान्स देवनागरी आधी सिस्टीमवर बसवून घ्या. तो एकसमान रुंदीचा नाही, त्यामुळे मराठी ओळीनंतरचे रकाने एकाखाली एक येणार नाहीत, आणि त्यावर उपाय नाही. खरं तर मराठी मजकूर वेगळ्या भाषा-फाइलीत, समजा `mr.json` मध्ये, हलवलात तर रोजच्या कोडला 1.45 पुरेल आणि अनुवाद तपासणाऱ्यालाही तुमच्या कोडमध्ये शिरावं लागणार नाही.

प्रश्न : सहकारी लिगेचर वापरतो, त्याच्या पडद्यावर `!=` च्या जागी रेघ मारलेलं बरोबरचं चिन्ह दिसतं. यामुळे डोळ्यांना आराम मिळतो का? (बंगळूर)

डोळ्यांचा थकवा आणि लिगेचर यांचा थेट संबंध मला दिसत नाही. ही फक्त दाखवण्याची करामत आहे. फाइलमध्ये `!` आणि `=` ही दोनच चिन्हं राहतात, रुंदीही दोन घरांचीच राहते, फॉन्ट केवळ चित्र बदलतो. ज्याला `=>` चा सलग बाण पाहून बरं वाटतं त्याने खुशाल चालू ठेवावं.

जपायचं ते इथे : फिरा कोडसारख्या फॉन्टमध्ये `==` आणि `===` यांतला फरक दोन आडव्या रेघा की तीन, एवढाच उरतो. छोट्या मापावर तो एखाद्या पिक्सेलचा होतो. जावास्क्रिप्टमध्ये दिवस काढणाऱ्याला तो दर वेळी निरखून पाहावा लागत असेल, तर आरामाऐवजी कामच वाढलं. नवशिक्यांना शिकवताना आणि स्क्रीन शेअर करताना मी लिगेचर बंदच ठेवायला सांगतो, समोरचा ते चिन्ह कीबोर्डवर शोधत बसतो. व्हीएस कोडमध्ये `"editor.fontLigatures": false` पुरतं. ज्या प्रोग्रॅममध्ये अशी सोयच नाही, तिथे कॅस्केडिया कोडऐवजी कॅस्केडिया मोनो आणि जेटब्रेन्स मोनोऐवजी त्याचा एनएल प्रकार घ्या, त्यांत लिगेचर काढलेले आहेत.

प्रश्न : सगळे सांगतात डार्क थीम डोळ्यांना चांगली. मला सिलिंडरचा नंबर आहे आणि काळ्यावर पांढरी अक्षरं पसरल्यासारखी, चमकल्यासारखी दिसतात. माझंच काही चुकतंय का? (कोल्हापूर)

चुकत काही नाही. पडदा काळा असला की डोळ्यात कमी उजेड जातो आणि बाहुली मोठी होते. बाहुली जितकी मोठी, तितके डोळ्याच्या रचनेतले दोष जास्त उघडे पडतात, आणि सिलिंडरचा नंबर हा तसाच दोष. चष्मा अचूक नसेल तर उजळ रेघेच्या कडा काळ्या पार्श्वभूमीवर ओघळतात. पांढऱ्या पडद्यावर बाहुली आकसते आणि प्रतिमा नेमकी होते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी 2013 मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांवर हे तपासलं. उजळ पार्श्वभूमीवरची गडद अक्षरं वाचण्यात दोन्ही गट सरस ठरले. उलट बाजूही आहे : मोतीबिंदू सुरू झालेल्यांच्या डोळ्यात उजेड विखुरतो, त्यांना गडद पडदा बरा वाटू शकतो.

मग उजळ थीम खुपते का? बहुतेक वेळा खुपतो तो ब्राइटनेस. दिवसा एक कोरा कागद मॉनिटरशेजारी धरा. पडद्याचा पांढरा भाग दिव्यासारखा भासला तर तो कागदाइतका होईपर्यंत कमी करा. रात्री खोलीतला दिवा लावून हेच पुन्हा करा. अंधाऱ्या खोलीत एकटा पडदा चमकत ठेवायचा आणि मग थीमला बोल लावायचे, हा प्रकार फार पाहायला मिळतो.

तरीही गडदच हवी असेल, तर शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं टाळा. मात्र 'सौम्य' म्हणवणाऱ्या थीम दुसऱ्या टोकाला जातात. उदाहरण म्हणून सोलराइज्ड डार्क घ्या. तिची मुख्य अक्षरं `#839496`, पार्श्वभूमी `#002b36`. उजेडाचं गुणोत्तर 4.75 येतं, वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांतल्या 4.5 पेक्षा जेमतेम वर. पण टिप्पण्यांचा रंग `#586e75` आहे आणि त्याचं गुणोत्तर 2.8 च भरतं. टिप्पण्या वाचताना तुम्ही पुढे झुकता का, ते एक दिवस पाहा. झुकत असाल तर एवढं करा :

```json
"editor.tokenColorCustomizations": {
  "[Solarized Dark]": {
    "comments": { "foreground": "#839496", "fontStyle": "italic" }
  }
}
```

टिप्पण्या आता कोडच्याच रंगात पण तिरप्या दिसतील. त्या मराठीत लिहीत असाल तर `italic` काढून `fontStyle` रिकामं ठेवा आणि वेगळा उजळ रंग निवडा, कारण जबरदस्तीने तिरकी केलेली देवनागरी वाचवत नाही.

प्रश्न : वय 44. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का? प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून कोड वाचताना मान दुखते. (ठाणे)

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेवर खर्च नको. 2023 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत, तिने थोड्या काळात तरी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही.

तुमच्या मानेचं कारण प्रोग्रेसिव्ह काचच दिसतं. तिच्यात मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो, मॉनिटर स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी वर करावी लागते. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून तो आकडा नेत्रतज्ज्ञांना द्या आणि केवळ त्या अंतराचा कामाचा चष्मा करून घ्या. तोवर मॉनिटर चार-पाच सेंटिमीटर खाली उतरवा. नवा चष्मा आला की 80 अक्षरांच्या ओळीचं माप पुन्हा घ्या, कारण बसण्याचं अंतर बदललेलं असेल.