शॉटचा आकार प्रसंगाने ठरवावा

समजा, चित्रपटात मुलगा बऱ्याच वर्षांनी गावी येतो आणि घराला कुलूप आढळते. माळावरची एसटी ठिपक्याएवढी दिसेल असा एक्स्ट्रीम वाइड त्याचे दुरावलेपण सांगतो. अंगणात तो नखशिखान्त दिसणारा वाइड आणि शेजारणीशी बोलताना कमरेपासून वरचा मिड एवढे पुरते. आई गेल्याचे ती सांगेल तेव्हाच चेहऱ्याच्या क्लोज-अपवर जावे, कारण तो आधीच खर्च केला तर या क्षणी आणखी जवळ जाण्यास जागा उरत नाही. मिडवरून किंचितच जवळ कट केल्यास मात्र चित्र उडी मारते. कुलपावरचा गंज मिडमध्ये दिसणार नाही, म्हणून तिथे कुलूप आणि त्यावरचा मुलाचा हात एवढेच जवळून दाखवणारा इन्सर्ट हवा. तो शेवटी चित्रित केला तरी चालतो, पण हातावरची बाही आणि उजेडाची दिशा आधीच्या शॉटशी जुळलीच पाहिजे.