नवरा कामानिमित्त सतत फिरतीवर असतो. बॅग भरायला आणि लांबच्या प्रवासात उपयोगी पडेल असं काय गिफ्ट देऊ?

पॉवर बँक द्या, पण मोठी नको. लोक नेमकं उलट करतात, आमच्या भावोजींसारखं.

त्यांनी मला वाढदिवसाला ३०,००० एमएएचची पॉवर बँक दिली. चांगली विटेएवढी. "याचा फोन सहा वेळा चार्ज होईल," हे सगळ्यांसमोर सांगूनही झालं. पुढच्याच विमानप्रवासात ती तपासणीवाल्यांनी काढून घेतली. भावोजी अजून म्हणतात, ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची ना! तर एकदाचं लिहूनच टाकतो.

पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालतच नाही, अगदी छोटीसुद्धा. लिथियम बॅटरी बिघडली की तापत जाते आणि पेटते. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, कर्मचारी धावून येतात. खाली सामानाच्या कप्प्यात कोण जाणार? म्हणून ती जवळच्या बॅगेत ठेवायची, आणि तिथे मर्यादा १०० वॉट-तासांची. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. खोक्यावर एमएएचचा आकडा ठळक असतो, वॉट-तास बारीक. हिशोब सोपा आहे: एमएएचला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. भावोजींची भरते १११. वीस हजारवाली ७४, म्हणजे बिनघोर.

आणि ते 'सहा वेळा'ही खोटंच. चार्जिंग होताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर चार वेळा झाला तरी खूप. तुमच्या नवऱ्याला दहा हजारवाली पुरेल, फोन साधारण सव्वा वेळा भरतो. फक्त आकडे पॉवर बँकेच्या अंगावर नीट छापलेले बघा. पुसट असतील तर तपासणीवाला तुमचा हिशोब ऐकत बसत नाही.

बॅग भरायला कपड्यांचे चेनवाले कप्पे मिळतात, ते घ्या. दाबून बसवायचे कप्पे मात्र जागा वाचवतात, वजन नाही. उलट जागा उरली म्हणून माणूस आणखी दोन शर्ट कोंबतो आणि काट्यावर अडकतो.

मानेची उशी देणार असाल तर मागे पातळ असलेली बघा. मागे जाड असली की डोकं पुढे ढकललं जातं आणि झोप लागताच हनुवटी छातीवर येते.

हां, नवरा रेल्वेने किंवा बसने फिरत असेल तर १०० वॉट-तासांचं वरचं पुराण सोडून द्या, मोठीही चालेल. आणि काही विमान कंपन्या हल्ली उड्डाणात पॉवर बँक वापरू देत नाहीत, तेव्हा त्याला घरूनच फोन पूर्ण चार्ज करून निघायला सांगा. भावोजी हे वाचत असतील तर त्यांनी आधी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचावं.