स्वेटरवर स्वेटर चढवू नका

प्रश्न: डिसेंबरात पहाटे बाईकवर लांब जायचं आहे, मग म्हैसमाळच्या कड्यावर फिरायचं आहे. किती स्वेटर घालू?

एकच. त्याच्यावर वारा अडवणारं काहीतरी. रायडिंग जॅकेट नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट घाला. लोक हसतील, हसू द्या. आमचे दाजी अजून हसतात, म्हणूनच एवढं लिहितोय.

दाजी आणि मी परभणीहून जिंतूरमार्गे संभाजीनगरला निघालो होतो, दोघांच्या दोन गाड्या. पारा 8 च्या आसपास. दाजींच्या अंगात दोन जाड लोकरी स्वेटर. माझ्या अंगात शर्ट, एक स्वेटर आणि वर रेनकोट. "पाऊस पडायलाय का रे?" म्हणाले. बोरीच्या अलीकडेच त्यांची गाडी मागं पडायला लागली. टपरीवर थांबलो तर हेल्मेटचा पट्टा सुटेना, बोटं बक्कलवरून नुसती घसरत होती. ही खूण ध्यानात ठेवा. ज्या बोटांना बक्कल सुटत नाही, त्यांना ब्रेकही वेळेवर दाबता येत नाही. तिथून पुढं गाडी रेटायची नाही. टपरीवाल्याकडून जुना पेपर मागितला, घडी करून त्यांच्या वरच्या स्वेटरच्या आत छातीवर बसवला. जिंतूरपर्यंत कुडकुडणं थांबलं. दाजींच्या मते ते चहानं थांबलं.

लोकर ऊब धरते ती विणीत अडकलेल्या हवेमुळं. गाडीवर वारा त्याच विणीतून आरपार जातो आणि ती हवा पळवतो. मग दोन घाला नाहीतर तीन. 8 अंशांत ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यालाच उघड्या कातडीला 5 अंशांसारखं लागतं, 60 ला 2 अंशांसारखं. 60 वरून 80 ला गेलात तर जेमतेम अंशभर फरक. म्हणजे 80 वरून 60 वर येऊन थंडी वाजायची थांबत नाही, वाराच अडवावा लागतो. समोरून वारा असेल तर तो गाडीच्या वेगात मिळवून धरा. दाजी म्हणतात, थर्मामीटर तर 8 च दाखवतो. दाखवणारच, वाऱ्यानं तो हवेपेक्षा खाली जात नाही. पण त्याला अंगची ऊब टिकवायची नसते, आपल्याला असते.

हातमोजेही विणलेले नकोत, रेक्झिनचे किंवा चामड्याचे घ्या.

कड्यावरचं थोडं वेगळं. गाडीवर आपण नुसते बसलेलो असतो, चढताना घाम येतो. रेनकोट घालून चढलात तर आतून भिजाल, आणि वर वाऱ्यात ओला शर्ट कोरड्यापेक्षा कितीतरी वाईट. चढताना तो पिशवीत ठेवा, माथ्यावर थांबायच्या आधी घाला.

आणि हो, वरचे आकडे उघड्या चेहऱ्यासाठी काढलेले असतात आणि हवा 10 अंशांच्या खाली असतानाच लागू पडतात. दुपारी ऊन तापल्यावर रेनकोट काढा, नाहीतर दाजींना आयतं सापडाल.